पातळ कवचाची आणि मऊ अंडी : कोंबडीपालकांना वारंवार पडणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मुख्यतः परसात किंवा छोट्या शेडमध्ये २० ते २०० कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी आहेत. गावरान, गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी किंवा शेतात मोकळ्या सोडलेल्या संकरित लेयर, यांपैकी कोणत्याही कोंबड्या असल्या तरी कवचाचं गणित तेच राहतं. फक्त आकडे थोडे वरखाली होतात.

पातळ अंडं, मऊ अंडं आणि बिनकवचाचं अंडं यांत फरक काय?

पातळ कवचाचं अंडं दिसायला नेहमीसारखंच असतं, पण उचलताना किंवा ट्रेमध्ये ठेवताना चटकन तडकतं. मऊ अंड्यावर कवचाचा जेमतेम एक थर असतो. बोटाने दाबलं की तो आत जातो, कधी खरखरीत लागतो, कधी सुरकुतलेला दिसतो. बिनकवचाच्या अंड्यावर नुसतीच पांढरी पातळ त्वचा असते. ते हातात लिबलिबीत लागतं आणि बहुतेक वेळा खुराड्यात फुटलेलंच सापडतं.

तिन्ही एकाच वाटेवरच्या पायऱ्या असतात. तरीही कोणती पायरी दिसते यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. कळपातल्या बऱ्याच कोंबड्यांची कवचं हळूहळू पातळ होत गेली असतील, तर आधी खाद्य आणि वय तपासावं. चांगली अंडी देणाऱ्या कळपात एका सकाळी अचानक चार-पाच मऊ अंडी दिसली, तर आदल्या दिवशी किंवा रात्री काय घडलं ते आठवावं. मऊ अंड्यांबरोबर एकूण अंडीही घसरली असतील, तर आजाराची शंका घ्यावी.

कवच बनतं तरी कधी?

हा प्रश्न लोक क्वचितच विचारतात, पण पुढची सगळी उत्तरं याच्यावरच उभी आहेत.

एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. बलक सुटल्यावर त्याभोवती पांढरा भाग जमतो, मग आतली त्वचा तयार होते. एवढं सगळं चार-पाच तासांत उरकतं. उरलेले साधारण २० तास अंडं कवचग्रंथीत असतं आणि तिथे त्याच्यावर कवच चढतं.

सकाळी नऊला अंडं देणारी कोंबडी धरा. तिचा पुढचा बलक अर्ध्या-पाऊण तासात सुटतो. दुपारी दोनच्या सुमाराला ते नवं अंडं कवचग्रंथीत पोचतं. पहिले काही तास काम धिमं चालतं. कवच वेगाने चढायला लागतं ते संध्याकाळपासून, आणि ते काम पहाटेपर्यंत चालतं. म्हणजे ज्या वेळी कोंबडी दांडीवर झोपलेली असते आणि तिने सहा-सात तास तोंडात काही घेतलेलं नसतं, नेमक्या त्याच वेळी तिला सर्वांत जास्त कॅल्शियम लागतं.

एका अंड्याच्या कवचात साधारण २ ते सव्वादोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडीच्या रक्तात मात्र एका वेळी त्याचा अगदी किरकोळ भाग खेळत असतो. कवच जोरात चढत असताना बाहेरून भर पडली नाही, तर रक्तातलं सगळं कॅल्शियम पाव तासाच्या आसपास संपेल. म्हणून रात्रभर ते कुठून तरी येत राहावं लागतं. ते दोन ठिकाणांहून येतं : पोटात हळूहळू विरघळणाऱ्या शिंपल्याच्या तुकड्यांतून आणि कोंबडीच्या स्वतःच्या हाडांतून.

हाडांतून? मग कोंबडीला त्रास होत नाही का?

ठरावीक मर्यादेपर्यंत होत नाही, कारण निसर्गाने त्याची सोय केलेली आहे. तलंग अंड्यावर येण्याच्या साधारण दोन आठवडे आधी तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळं, भुसभुशीत हाड तयार होऊ लागतं. ते कॅल्शियमचा साठाच असतं. रात्री त्यातून काढायचं आणि दिवसा खाद्यातून परत भरायचं, असा रोजचा व्यवहार चालतो.

खाद्य कमी पडलं की परतफेड अपुरी होते. तरीही पहिले काही दिवस, कधी काही आठवडेही, अंडी चांगलीच येत राहतात. पाळणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात कोंबडी आता भुसभुशीत साठ्याबरोबर मूळ हाडांनाही हात घालत असते. कवच पातळ दिसू लागतं तोवर बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. अशी कोंबडी पायावर नीट उभी राहत नाही, बसून राहते, उचलताना पंखाचं किंवा पायाचं हाड मोडतं. म्हणून कवच पातळ दिसलं की "पुढच्या महिन्यात बघू" असं म्हणू नका. ताण हाडांवर पडतोय याची ती पहिली बाहेर दिसणारी खूण आहे.

मी लेयर मॅश देतो, तरी कवच पातळ. असं का?

"देतो" म्हणजे किती देता, हे आधी बघू. परसातल्या कोंबड्यांत सर्वांत जास्त आढळणारं कारण इथेच सापडतं : लेयर मॅशमध्ये मका, ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी मिसळून दिलेली असते. खर्च वाचतो, कोंबड्याही आवडीने खातात. पण धान्यात कॅल्शियम नसल्यातच जमा असतं. मक्यात तर शेकडा ०.०२ च्या आसपास.

चाळीस कोंबड्यांचा कळप घेऊ. प्रत्येक कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाते आणि आठवड्याला पाच अंडी देते. लेयर मॅशमध्ये ३.८ टक्के कॅल्शियम आहे असं धरू. पोत्यावरच्या चिठ्ठीवर हा आकडा पाहायला मिळतो आणि सहसा तो साडेतीन ते सव्वाचारच्या दरम्यान असतो.

नुसतं मॅश दिलं, तर कोंबडीच्या पोटात रोज ४.२ ग्रॅम कॅल्शियम जातं. त्यातलं साधारण निम्म्याहून थोडं जास्त अंगी लागतं, म्हणजे २.३ ग्रॅम. आठवड्याचे झाले १६. पाच अंड्यांना लागतात ११. व्यवहार जमला आणि हाडंही भरून निघाली.

आता निम्मं मॅश आणि निम्मा मका भरडा द्या. ५५ ग्रॅम मॅशमधून २.१ ग्रॅम, मक्यातून जवळजवळ काही नाही. अंगी लागणार रोज सव्वा ग्रॅमच्याही आत, आठवड्याला आठ. लागणार मात्र ११. दर आठवड्याला प्रत्येक कोंबडीमागे तीन ग्रॅमची तूट, आणि ती हाडांतून भरली जाते. दोन-तीन महिन्यांनी टरफल तडकायला लागतं, आणि पाळणारा म्हणतो, खाद्य तर तेच चालू आहे!

यावर दोन उपाय. पहिला, धान्याचा वाटा कमी करणं. दिवसाच्या एकूण खाद्यात दहावा हिस्सा धान्य, तेही संध्याकाळी मूठभर, एवढं चालतं. दुसरा, तूट शिंपल्याने भरणं. प्रत्येक कोंबडीला रोज ५ ग्रॅम शिंपला दिला, तर त्यातून १.८ ग्रॅम कॅल्शियम मिळतं आणि वरची तूट भरून वर थोडं उरतं. चाळीस कोंबड्यांना दिवसाला २०० ग्रॅम, महिन्याला ६ किलो. शिंपल्याने कवच सुधारेल, पण निम्म्या मक्यामुळे प्रथिनंही कमी पडत असतात आणि त्याचा फटका अंड्यांच्या संख्येला बसतो. म्हणून मला पहिला उपायच जास्त पटतो.

शिंपला, मार्बलचा चुरा, चुनखडीची पूड : काय घ्यावं?

कॅल्शियमच्या प्रमाणात तिघांत फारसा फरक नाही. चांगल्या मालात साधारण ३६ ते ३८ टक्के कॅल्शियम असतं. फरक पडतो तो दाण्याच्या आकाराने.

बारीक पूड पोटातून चार-पाच तासांत पुढे सरकते. संध्याकाळी सहाला खाल्लेली पूड मध्यरात्रीपर्यंत संपते आणि कवचाचा खरा भार सुरू असताना पोट रिकामं असतं. २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे, म्हणजे साधारण तुरडाळीच्या दाण्याएवढे, गिझर्डमध्ये, म्हणजे कोंबडीच्या दळणाऱ्या पोटात, अडकून राहतात आणि पहाटेपर्यंत थोडे थोडे विरघळत राहतात. म्हणून पूड कितीही स्वस्त मिळाली, तरी सगळं कॅल्शियम पुडीतूनच देऊ नका. म्हाताऱ्या कोंबड्यांना तर दोन-तृतीयांश कॅल्शियम जाड तुकड्यांतून मिळावं.

कोकणात तिसऱ्या, कालवं, खुबे यांची टरफलं घरातच असतात. ती स्वच्छ धुऊन, खारटपणा जाईपर्यंत दोनदा पाणी बदलून, कडक उन्हात वाळवून उखळात ठेचली की उत्तम शिंपला तयार होतो. टोकदार लांब फाका राहू देऊ नका, चाळून घ्या. घाटावर पोल्ट्री खाद्याच्या दुकानात "शेल ग्रिट" म्हणून पोत्यात मिळतो.

विकत घेतलेला शिंपला चांगला आहे हे कसं ओळखायचं?

एका वाटीत चमचाभर शिंपला घ्या आणि वर व्हिनेगर ओता. खरा शिंपला लगेच फसफसायला लागतो. तुकड्यांच्या कडांवर बुडबुड्यांच्या ओळी चिकटतात, वर फेस धरतो. दिवसभर तसंच ठेवा, मध्ये दोनदा जुनं व्हिनेगर ओतून नवं घाला. शिंपला झिजत जातो, तळाला उरते ती वाळू आणि माती. बोटांनी चोळून बघा, वाळू करकरते. चमचाभरातली पाव चमचा वाळू उरली, तर तुम्ही पावभाग पैसे वाळूला दिलेत, आणि पाच ग्रॅम दिल्यावर कोंबडीच्या पोटात पावणेचारच जातोय.

ही कसोटी दुकानातून नमुना आणून करा, आख्खं पोतं घेतल्यावर नको.

मग वाळू अजिबात नको का? कोंबड्यांना खडे लागतात असं ऐकलंय.

लागतात, पण वेगळ्या कामासाठी. गिझर्डमध्ये धान्य दळायला जे कडक खडे लागतात ते विरघळत नाहीत आणि त्यांतून कॅल्शियम मिळत नाही. शिंपला विरघळतो, त्यामुळे दळणाच्या कामाला फार वेळ पुरत नाही. एक दुसऱ्याची जागा घेत नाही. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या खडे स्वतःच टिपतात. बंद शेडमध्ये अख्खं धान्य देत असाल तर थोडी जाड खडी वेगळ्या भांड्यात ठेवा. नुसतं मॅश असेल तर त्याची गरज पडत नाही.

शिंपला खाद्यात मिसळून द्यावा की वेगळा?

वेगळा, आणि शक्यतो दुपारनंतर. अंडं देणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी कॅल्शियमची भूक लागते आणि ती स्वतःहून त्या भांड्याकडे जाते. त्या दिवशी अंडं न बनवणारी कोंबडी, कोंबडा किंवा खुडूक बसलेली कोंबडी फार खात नाही. खाद्यात मिसळला की सगळ्यांनाच सक्तीने खावा लागतो, शिवाय जड असल्याने तळाला बसतो.

दुपारी चारच्या सुमाराला भांडं भरा, म्हणजे दांडीवर चढण्याआधी पोटात साठा होतो. भांडं कोरड्या जागी, पाण्यापासून लांब ठेवा. पावसाळ्यात त्यावर विष्ठा आणि ओल साचली की कोंबड्या तोंड लावत नाहीत, आणि पाळणारा समजतो की त्यांना गरजच नाही.

पाण्यात खायचा चुना टाकतात, तो चालतो का?

गावोगावी हा उपाय सांगितला जातो, पण त्याचा हिशोब जुळत नाही. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो. वर आलेल्या निवळीत लिटरमागे एक ग्रॅमही कॅल्शियम नसतं. कोंबडी दिवसाला पाव लिटर पाणी पिते असं धरलं, तर तिला त्यातून पाव ग्रॅमच्या आसपास मिळेल. एका अंड्याला लागतात दोन ग्रॅमच्या वर. शिवाय चुना दाहक असतो. तळाचा गाळ ढवळला गेला तर तोंड आणि अन्ननलिका भाजते, आणि चवीमुळे कोंबड्या पाणी कमी पितात. पाणी कमी झालं की खाणं कमी होतं, म्हणजे उलट तोटाच. शिंपला मिळत असताना चुन्याच्या वाटेला जाऊ नये.

बाटलीतलं कॅल्शियम टॉनिक अडचणीच्या चार-पाच दिवसांसाठी ठीक आहे. रोजची गरज त्यावर भागवायची म्हटलं तर खिसा रिकामा होईल.

अंड्याची टरफलं परत कोंबड्यांना घातली तर?

चालतात. त्यांतही शिंपल्याइतकंच कॅल्शियम असतं. पण पाच-दहा मिनिटं उकळून किंवा तव्यावर चांगली भाजून, वाळवून, चुरून द्या. अख्खी किंवा अर्धी टरफलं टाकलीत तर कोंबड्यांना अंड्याचा आकार आणि वास ओळखीचा होतो आणि त्या पेटीतली अंडी फोडायला शिकतात. ही सवय लागली की मोडणं फार कठीण. आणि टरफलांनी सगळी गरज भागत नाही, कारण बरीचशी अंडी तर विकली गेलेली असतात.

नुकत्या अंड्यावर आलेल्या तलंगांची पहिली अंडी मऊ येतात. काळजी करावी का?

पहिले दोन-तीन आठवडे करू नये. कवचग्रंथीचं काम अजून लयीत आलेलं नसतं. कधी दोन बलकांचं, कधी नुसत्या त्वचेचं अंडं येतं आणि आपोआप थांबतं. महिना उलटला तरी चालूच राहिलं, तर मात्र खाद्य बघावं. बऱ्याचदा तलंगा अजून ग्रोअर खाद्यावरच असतात. त्यात कॅल्शियम साधारण एक टक्का असतं, आणि त्यावर कवच धरत नाही.

उलटी चूकही महागात पडते. लवकर अंड्यावर याव्यात म्हणून दोन-तीन महिन्यांच्या पिलांना लेयर मॅश घातलं, तर जादा कॅल्शियमचा भार मूत्रपिंडावर येतो. त्यांत खडे होतात, सांध्यांत आणि अवयवांवर पांढरी पूड साचते, तलंगा मरतात. संकरित लेयरना साधारण १७-१८ आठवड्यांनी, आणि गावरान किंवा उशिरा अंड्यावर येणाऱ्या जातींना तुरा लाल व्हायला लागला की खाद्य बदला. कळप एकाच वयाचा नसेल, तर सगळ्यांना ग्रोअर आणि शिंपला वेगळ्या भांड्यात, ही सर्वांत सोपी वाट आहे. छोटी पिलं शिंपला फारसा खात नाहीत.

कोंबड्या दीड वर्षाच्या झाल्या. अंडी मोठी आली पण कवच पातळ झालं.

वयाचा परिणाम असाच दिसतो. कोंबडी जसजशी वाढते तसं अंडं मोठं होतं, पण त्यावर चढणारं कॅल्शियम जवळजवळ तेवढंच राहतं. तोच माल जास्त जागेवर पसरला की थर पातळ होणारच. साधारण ६० आठवड्यांनंतर आतड्यांतून कॅल्शियम शोषलं जाण्याचं प्रमाणही घटतं.

अशा वेळी मॅशमध्ये आणखी पूड घालून उपयोग नाही. जास्त पुडीने खाद्य बेचव होतं आणि कोंबड्या ते खाणंच कमी करतात. जाड शिंपल्याचा वाटा वाढवा, पहाटेच्या अंधारात तासभर दिवा लावून खाद्य-पाणी मिळेल असं बघा आणि अंडी दिवसातून तीन-चार वेळा गोळा करा. पिसं झडण्याच्या काळात कोंबडी अंडी थांबवते, हाडांना विश्रांती मिळते. पुन्हा अंड्यावर आली की काही महिने कवच बऱ्यापैकी चांगलं येतं, पण तरुणपणीचं कवच परत मिळत नाही.

उन्हाळ्यातच कवच पातळ का होतं?

दोन कारणं एकावर एक येतात. पहिलं सरळ आहे : उकाड्यात कोंबडी कमी खाते. ११० ग्रॅमची ८० ग्रॅम झाली की कॅल्शियमही त्याच प्रमाणात घटलं.

दुसरं तिच्या धापेत आहे. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यातला कार्बोनेटचा भाग रक्तातल्या याच वायूपासून बनतो. तो उडून गेला की कॅल्शियम हाताशी असूनही कवच जमत नाही. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात शिंपला वाढवूनही फरक पडत नाही, तो यामुळे.

म्हणून उन्हाळ्यात खरा उपाय गारव्याचा. पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर खाद्य द्या. भर दुपारी खाद्याची भांडी उचलून ठेवा, कारण पचनाची उष्णता धाप आणखी वाढवते. पाणी सावलीत, मातीच्या भांड्यात, दुपारी दोनदा बदलून. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा पेंढा टाकून त्यावर पाणी मारा. खायचा सोडा किलोभर खाद्याला २ ग्रॅम, उष्णतेच्या लाटेपुरता, गेलेला भाग थोडा भरून काढतो. त्याहून जास्त नको, आणि बोअरचं पाणी खारट असेल तर अजिबात नको. खारट पाणी मुळातच कवच पातळ करतं. तशी शंका असेल तर पंधरा दिवस गोडं पाणी देऊन फरक बघा.

फटाके, कुत्रं, मुंगूस यांनी खरंच मऊ अंडी येतात?

येतात. घाबरलेल्या कोंबडीच्या शरीरात ताणाची रसायनं सुटतात आणि कवचग्रंथी एक तर अंडं अर्धवट असतानाच बाहेर ढकलते किंवा धरून ठेवते. ढकललेलं अंडं मऊ असतं आणि ते रात्री दांडीवरूनच खाली पडतं. पेटीत न सापडता दांडीखालच्या तुसात सापडणारी मऊ अंडी ही रात्रीच्या भीतीची चांगली खूण आहे. धरून ठेवलेल्या अंड्यावर कवचाचा जादा थर चढतो. ते वरून खडूसारखं पांढरट दिसतं, कधी एका बाजूने चपटं. चपटं असण्याचं कारण असं की त्याच्यामागून आलेलं पुढचं अंडं त्याला टेकून बसलेलं असतं, आणि त्या दुसऱ्याचं कवच नीट होत नाही. म्हणून एकाच कोंबडीकडून एक खडूसारखं आणि पाठोपाठ एक मऊ, अशी जोडी मिळते.

दिवाळीच्या फटाक्यांनंतर किंवा शेजारी डीजे वाजल्यावर दोन-तीन दिवस अशी अंडी आली आणि थांबली, तर काही करू नका. पाणी आणि शांतता द्या. आठवडाभर रोज येत राहिली, तर रात्री कोणीतरी खुराड्याभोवती फिरतंय. संध्याकाळी भोवती बारीक माती पसरून ठेवा आणि सकाळी पायांचे ठसे बघा. जाळीखाली मुंगसाने उकरलेलं हमखास सापडतं. दाटी, नव्या कोंबड्या एकदम मिसळणं, लसीकरणासाठी पकडापकड, हेही ताणच आहेत. लस संध्याकाळी, मंद उजेडात दिली तर धावपळ कमी होते.

कवच किती पातळ झालंय हे घरी मोजता येतं का?

येतं, आणि डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ते जास्त विश्वासाचं आहे. एक ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा हवा. ताजं अंडं मोजा, फोडून आतला भाग काढा, टरफल आतून धुऊन दिवसभर उन्हात वाळवा आणि पुन्हा मोजा. ५८ ग्रॅमच्या अंड्याचं टरफल ५.४ ग्रॅम भरलं, तर ते अंड्याच्या सव्वानऊ टक्के झालं. नऊ ते दहा टक्के चांगलं. आठच्या खाली घसरलं, तर वाहतुकीत फुटणार हे धरून चला.

एका अंड्यावर निर्णय घेऊ नका. पाच-सहा अंडी निवडा, उपाय सुरू करण्याआधी आणि दहा दिवसांनी मोजा. कॅल्शियमची तूट हेच कारण असेल, तर आठवडाभरात कवच सुधारायला लागतं. दहा दिवसांत काहीच हललं नाही, तर शिंपला वाढवत बसू नका. कारण दुसरीकडे आहे.

दुसरीकडे म्हणजे कुठे?

पावसाळ्यानंतर आधी मका हुंगून बघा. बुरशी लागलेल्या मक्यातलं विष यकृत खराब करतं. ड जीवनसत्त्वावरची एक महत्त्वाची प्रक्रिया यकृतात होते आणि त्या जीवनसत्त्वाशिवाय आतड्यातून कॅल्शियम आत जात नाही. मक्याला कुबट वास किंवा हिरवट-काळी पूड असेल तर तो मका टाकून द्या. उन्हात वाळवल्याने बुरशी मरते, विष राहतं. पूर्ण बंद शेडमधल्या कोंबड्यांना ऊन मिळत नाही, त्यांच्या खाद्यात ड३ असलंच पाहिजे.

मग औषधं. हगवणीवर दिलेल्या सल्फा गटाच्या औषधांनी कवच बनवणाऱ्या प्रक्रियेलाच खीळ बसते आणि अंडी मऊ येतात. अंड्यावरच्या कोंबड्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधं देऊ नयेत, शिवाय औषधाचा अंश अंड्यात उतरतो.

आणि आजार. रानीखेत, इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस आणि एग ड्रॉप सिंड्रोम हे तीन मुख्य. ब्रॉन्कायटिसमध्ये अंडी वेडीवाकडी, सुरकुतलेली येतात आणि फोडल्यावर पांढरा भाग पाण्यासारखा पसरतो. कोंबड्या शिंकत, घरघरत असतात. एग ड्रॉपमध्ये कोंबड्या वरून धडधाकट दिसतात, पण तपकिरी अंड्यांचा रंग उडतो आणि लगेच बिनकवचाची अंडी सुरू होतात. हा विषाणू मुळात बदकांचा आहे, म्हणून बदकं आणि कोंबड्या एकाच डबक्यावर पाणी पीत असतील तर वेगळ्या करा. रानीखेतमध्ये हिरवी हगवण, मान वाकडी होणं आणि मरतूक दिसते.

मऊ अंडं खाल्लं तर चालतं का?

पातळ पण न तडकलेलं कवच असेल तर चालतं. पूर्ण शिजवून खा. तडकलेलं आणि बिनकवचाचं अंडं खाऊ नये. जंतूंना अडवणारी भिंतच तिथे नाही, आणि ते विष्ठेत पडलेलं असण्याची शक्यता जास्त. ते कोंबड्यांनाही कच्चं घालू नका.

कोंबडी पेटीत जाऊन बसते, जोर काढते, पण अंडं येत नाही.

मऊ अंडं अडकलेलं असू शकतं. कडक अंड्याला स्नायू नीट रेटतात, मऊ अंडं दाबलं की चेपतं आणि पुढे सरकत नाही. कोंबडी शेपटी खाली पाडून उभीच्या उभी, ताठ चालते. तिला कोमट पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा, मग कोरडं करून अंधाऱ्या, उबदार जागी एकटी ठेवा. गुदद्वाराला थोडं तेल लावलं तर मदत होते. बोटाने अंडं ओढून काढू नका. ते आत फुटलं तर जंतुसंसर्ग होऊन कोंबडी जाते. संध्याकाळपर्यंत सुटली नाही, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

तीन-चार बिघडलेली अंडी, न फोडता, पेंढ्यात गुंडाळून. पावशेर खाद्य, पोत्याच्या तळातून आणि वरून मिळून घेतलेलं. खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी. गेल्या पंधरा दिवसांत रोज किती अंडी आली आणि त्यांत किती मऊ होती, याची वही. कोंबड्यांचं वय आणि शेवटची लस कधी दिली ते. मरतूक असेल तर ताजी मेलेली कोंबडी बर्फावर ठेवून न्यावी. सडलेल्या कोंबडीतून काही कळत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात निदान झालं नाही, तर पुण्यात औंध इथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथे नमुने तपासले जातात. नमुना कसा पाठवायचा हे तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही.